ऑब्झर्व्हेशनल की पार्टिसिपेटरी? मुलाखत शोधू नका

प्रश्न: ऑब्झर्व्हेशनल आणि पार्टिसिपेटरी माहितीपटांत नेमका फरक काय? मुलाखत असली की पार्टिसिपेटरी, नसली की ऑब्झर्व्हेशनल, एवढंच का?

मुलाखतीवरून ओळखायला गेलात तर फसाल. मी प्रत्येक प्रसंगाला एकच प्रश्न विचारतो: कॅमेरा नसता तर हे घडलं असतं का? असतं तर ऑब्झर्व्हेशनल, नसतं तर पार्टिसिपेटरी. १९६०मध्येच चित्रित झालेले दोन चित्रपट शेजारी ठेवा, फरक लगेच दिसेल.

रॉबर्ट ड्रू यांच्या ‘प्रायमरी’मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाची पक्षाची उमेदवारी मिळवण्यासाठी केनेडी आणि हम्फ्री यांनी विस्कॉन्सिन राज्यात केलेली प्रचारमोहीम आहे. एका सभेत केनेडींच्या पत्नी जॅकी मंचावरून बोलतात. चेहऱ्यावर ताण नाही, पण कॅमेरा मागे जाऊन त्यांचे हात दाखवतो: पांढरे हातमोजे घातलेली बोटं पाठीमागे सारखी चाळवत असतात. कुणी त्यांना ‘घाबरलात का?’ असं विचारलेलं नाही. सभा कॅमेऱ्याविना झालीच असती, बोटंही चाळवलीच असती. हे ऑब्झर्व्हेशनल.

आता जाँ रूश आणि एदगार मोराँ यांचा ‘क्रॉनिकल ऑफ अ समर’ घ्या. नाझी छळछावणीतून परतलेली मार्सलीन पॅरिसच्या रस्त्यावरून एकटी चालते आहे. खांद्याला टेपरेकॉर्डर, माइक कोटात. तिथून न परतलेल्या वडिलांशी ती हळू आवाजात बोलते. कॅमेरा मोटारीत आहे. ले आलच्या मोठ्या मंडईत मोटार पुढे सरकत राहते आणि मार्सलीन लहान लहान होत जाते. प्रश्न विचारणारा जवळपास कुणी नाही, दिग्दर्शकांना तिचे शब्द त्या क्षणी ऐकूही येत नाहीत. तरी हा प्रसंग पक्का पार्टिसिपेटरी आहे, कारण खांद्यावर ते यंत्र नसतं तर ती असं बोलत चालली नसती. मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. कॅमेऱ्याने इथे काही टिपलं नाही, बोलायला जागा करून दिली.

म्हणजे अंतरावर काही ठरत नाही. ‘प्रायमरी’त कॅमेरा गर्दीत केनेडींच्या अगदी पाठीशी चालतो आणि तरी बाहेरचाच राहतो.

एक चूक मात्र टाळा: ऑब्झर्व्हेशनल म्हणजे निःपक्ष, असं समजू नका. चेहरा सोडून हात दाखवणं हे चित्रपटकर्त्याचं मतच आहे, फक्त ते चौकटीच्या निवडीत आणि संकलनात लपतं, म्हणून प्रेक्षक सहसा त्याच्याशी वाद घालत नाही. रूश आणि मोराँ यांनी तो वाद चित्रपटातच घेतला. जमलेलं चित्रण त्यांनी त्यातल्याच माणसांना दाखवलं आणि त्यांची मतंही चित्रित केली. काहींना ते खरं वाटलं, काहींना खोटं, तर काहींना इतकं उघडं बोलणंच अशोभनीय वाटलं. त्यानंतर ते दोघे संग्रहालयाच्या दालनात येरझारा घालत आपलं कुठे चुकलं याची चर्चा करतात, आणि तीही चित्रपटात ठेवलेली आहे.