नवीन मेलमध्ये ‘वरची फाइल’ नसतेच

प्रश्न: मी नवीन मेल करून “वरची फाइल बघा, मागच्या मेसेजमध्ये सांगितलंय तसं करा” असं लिहिलं की समोरचे परत फाइल मागतात. सगळं आधीच पाठवलेलं असतं, मग शोधून का घेत नाहीत?

उत्तर:

कारण एकतर ती त्यांच्याकडे नसते, नाहीतर एकापेक्षा जास्त असतात. आणि दुसरी परिस्थिती पहिलीपेक्षा वाईट. फाइल नसेल तर काम थांबतं, बस. दोन असतील तर काम चुकीच्या फाइलवर होऊन जातं आणि छापून हातात येईपर्यंत कुणाला पत्ता नसतो.

मी डीटीपी करते, त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसवेना. एका संस्थेचा वार्षिक अहवाल आमच्याकडे होता. तिथल्या मॅडमनी संध्याकाळी मोबाइलवरून नवीन मेल केला, विषय फक्त “अर्जंट”, आणि मजकूर एवढाच: “वरील फाइलमध्ये पान १४ च्या तक्त्यात तिसऱ्या ओळीचा आकडा मागच्या मेसेजप्रमाणे करून छपाईला द्या.” त्या मेलच्या वर काहीही नव्हतं. मागचा मेसेज म्हणजे त्यांनी आमच्याच ऑफिसातल्या दुसऱ्या मुलाला चॅटवर पाठवलेला, त्यात “तिसऱ्या ओळीत ४२१ टाका” एवढंच होतं, आधी तिथे काय होतं ते नाही.

आता आमच्याकडे त्यांच्या दोन पीडीएफ होत्या, दोन्हींचं नाव “अहवाल_फायनल”, आणि दोन्हींच्या ओपन फाइल, म्हणजे ज्यात बदल करता येतो त्या मूळ फाइल, आमच्याकडे. एक ४८ पानांची, एक ५२ पानांची. तुम्ही म्हणाल पान १४ बघा ना, कळेल. मी तेच पाहिलं. ४८ पानीमध्ये तक्ता चौदाव्या पानावर होता. ५२ पानीमध्ये सुरुवातीला चार पानं वाढवलेली, पण त्यांना पानक्रमांक दिलेले नव्हते, त्यामुळे स्क्रीनवर मोजलं तर तक्ता अठराव्या पानावर आणि पानावर छापलेला आकडा मात्र १४ च. म्हणजे “पान १४” दोन्हीकडे बसत होतं! वर नवीन फाइलमध्ये तक्त्यात सगळ्यात वर एक ओळ वाढली होती, सो एकीत तिसरी ओळ सभासदांची आणि दुसरीत देणगीदारांची.

मी मेल लिहायला घेतला की या मेलला फाइल जोडलेली नाही, माझ्याकडे ४८ पानी आणि ५२ पानी अशा दोन आहेत, कुठली धरू, आणि ४२१ सभासदांचे की देणगीदारांचे? आमचे तेव्हाचे सर म्हणाले पाठवू नकोस, आपण रेकॉर्ड ठेवत नाही असं वाटतं क्लायंटला, शेवटची आलेली फाइल घ्यायची, सोपं आहे. माझ्या हातातून काम काढून त्या मुलाला दिलं. त्याने मेलची तारीख बघून सगळ्यात नवी ती घेतली. आणि ती ४८ पानी निघाली, म्हणजे जुनी, कारण त्या संस्थेतल्याच कुणीतरी जुनी फाइल रेकॉर्डसाठी म्हणून नंतर आम्हाला फॉरवर्ड केली होती. मेलवरची तारीख ही पाठवल्याची तारीख असते, फाइल बनल्याची नाही. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये बनवल्याची तारीख सापडते, तिथे बघितलं असतं तर निदान शंका आली असती, पण जुनीच फाइल नव्याने एक्सपोर्ट केली की ती तारीखपण नवीन होते, सो तिच्यावरही डोळे झाकून विसंबता येत नाही. मग प्रूफ म्हणून फक्त त्या एका पानाचा फोटो गेला, तोही मॅडमनी नव्याने सीसीत घेतलेल्या एका साहेबांना, त्यांनी आधीचं काहीच पाहिलेलं नव्हतं, त्यांना ४२१ दिसलं, ओके म्हणाले. अख्खा लॉट चार पानं कमी आणि चुकीच्या ओळीत ४२१ असा छापला गेला.

आता तुमच्या “शोधून का घेत नाहीत” बद्दल. तुमच्या फोनवर त्या माणसाशी झालेलं सगळं सलग दिसतं म्हणून तुम्हाला “वर” काहीतरी असल्यासारखं वाटतं. नवीन मेल मात्र कोराच जातो. रिप्लाय केला की आतमध्ये In-Reply-To आणि References अशा ओळी जातात, त्यात आधीच्या मेलची खूण असते, त्यावरून समोरचा प्रोग्राम ते मेल एका माळेत लावतो. कंपोज दाबून नवा लिहिलात तर ती खूण जातच नाही. आणि रिप्लायमध्येसुद्धा बहुतेक ठिकाणी जुना मजकूर खाली येतो पण जोडलेली फाइल येत नाही, ती फॉरवर्ड केलं तरच येते. म्हणजे रिप्लाय करताना ज्याला नव्याने सीसीत घेतलंत त्याला “सोबतची फाइल बघा” हे वाक्य दिसतं आणि सोबत काहीच नसतं. परत तो जुना मजकूर खाली असतो, तुम्ही वर म्हणताय.

म्हणून माझं स्पष्ट मत, फाइल परत जोडा. दहा वेळा पाठवली असेल तरी अकराव्यांदा जोडा. आणि बदल सांगताना आधीचा मजकूर आणि नवा मजकूर दोन्ही लिहा, हे सगळ्यात महत्त्वाचं. असं:

“सोबत ५२ पानी अहवाल जोडला आहे. छापील पान १४, तक्ता, ‘सभासद’ ही ओळ: आत्ता ४१२ आहे, तिथे ४२१ करावे.”

यात जुना आकडा दिला की समोरच्याला आपोआप तपासणी मिळते. त्याच्या फाइलमध्ये त्या जागी ४१२ नसेल तर तो तिथेच थांबतो, कारण फाइल चुकीची आहे हे त्याला लगेच कळतं. ओळीचा नंबर देऊ नका, नाव द्या, नंबर एक ओळ वाढली की सरकतात. आणि चॅटवर जे बोलणं झालं ते मेलमध्ये पुन्हा टाइप करा, कारण चॅट ज्याच्याशी झालं तो माणूस आणि काम करणारा माणूस वेगळा असू शकतो.

हां, त्याच मेलला रिप्लाय करताय, माणसं तीच आहेत आणि फाइल एकच गेलीये, तर “आधीच्या मेलमधली फाइल” चालतं, तिथे उगाच ओझं वाढवू नका. फाइल फार मोठी असेल तर लिंक द्या, पण ती समोरच्याला उघडतेय का बघा, आणि लिंकमागची फाइल नंतर कुणी बदलली तर लिंक तीच राहते, म्हणून नावात तारीख हवीच.

आणि समोरच्याने परत विचारलं तर कृपया चिडू नका. आमचे सर अजून म्हणतात चूक मॅडमची, त्यांनी नीट लिहायला हवं होतं. मॅडमनी नीट लिहिलं नाही हे खरंच आहे, पण लिहून तयार असलेला मेल थांबवला कुणी? मॅडम त्याच रात्री उत्तर देऊ शकल्या असत्या, त्यांच्यासमोर ५२ पानी फाइल उघडीच होती, हे त्यांनीच नंतर सांगितलं.