दरपत्रक, निविदा आणि 'न्यूनतम दर'

प्रश्न : "आमच्या संस्थेच्या तीन शाळांसाठी वर्षभराचा झेरॉक्स कागद घ्यायचा आहे. पत्रावर 'दरपत्रक मागणी' लिहावं की 'निविदा सूचना'? आणि शेवटी 'न्यूनतम दराचे दरपत्रक स्वीकारण्यात येईल' असं लिहिलं तर चालेल का? शाळा रत्नागिरी जिल्ह्यात आहेत."

'दरपत्रक मागणी' लिहा. शेवटचं वाक्य मात्र तसं लिहू नका. ते व्याकरणात चुकलेलं नाही, पण त्यातला 'दर' कशाचा हेच त्यात सांगितलेलं नाही. आणि ते सांगितलं नाही की सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी पहिला भाग. दरपत्रक हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. लॉन्ड्रीच्या भिंतीवर शर्ट, पँट, साडीचे भाव लावलेला फलक असतो, तेही दरपत्रकच. ते सर्वांसाठी असतं आणि उद्या बदलू शकतं. दुसरं दरपत्रक म्हणजे व्यापाऱ्यांच्या बोलण्यातलं कोटेशन : तुम्ही अमुक माल, अमुक नग, अमुक ठिकाणी पोच मागितलात, म्हणून फक्त तुम्हाला सही-शिक्क्यानिशी दिलेला दर. 'आपले दरपत्रक पाठवावे' एवढंच लिहिलंत तर पुरवठादार पहिल्या अर्थाचं दरपत्रक, म्हणजे छापील भावयादी, पाठवून मोकळा होतो. तीन यादींमध्ये तीन वेगळे कागद, त्यांची तुलना कशी करणार? म्हणून 'सोबतच्या तपशिलाप्रमाणे दरपत्रक' असं लिहायचं आणि तपशील खरोखर सोबत जोडायचा.

निविदाही दर मागवण्यासाठीच असते, पण तिच्याभोवती बांधाबांध असते. जाहीर सूचना, ठरावीक नमुना, मोहोरबंद लिफाफा, सर्वांसमोर उघडण्याची तारीख आणि मुख्य म्हणजे बयाणा रक्कम. या बयाण्यामागे कायद्यातलं कारण आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्यानुसार तुमचं मागणीपत्र हा प्रस्ताव नसून प्रस्ताव द्यायचं निमंत्रण असतं. पुरवठादाराचं कोटेशन हा प्रस्ताव आणि तुमचा पुरवठा आदेश ही स्वीकृती. कलम ५ प्रमाणे स्वीकृती पाठवली जाण्याआधी प्रस्ताव मागे घेता येतो. कोटेशनवर 'दर ६० दिवस वैध' असं छापलेलं असलं तरी भाव चढला की पुरवठादार आदेश निघण्यापूर्वी 'हा दर आता परवडत नाही' म्हणू शकतो. निविदेत माघार घेतली तर बयाणा जातो, म्हणून माणूस सहसा माघार घेत नाही. साध्या दरपत्रकात ती वेसण नसते. तेव्हा वैधतेची मुदत मागाच, पण तिच्या भरवशावर आदेश द्यायला दीड महिना लावू नका.

साठ-सत्तर हजारांच्या कागदासाठी एवढी बांधाबांध सहसा कुणी करत नाही. चार-पाच दुकानदारांना पत्र द्यायचं आणि निदान तीन दरपत्रकं हाती आली की तुलनात्मक तक्ता करायचा, ही आपल्याकडच्या कार्यालयांची रूढ पद्धत आहे. (शाळा अनुदानित असतील आणि पैसा शासनाचा असेल तर रकमेप्रमाणे पद्धत ठरवून दिलेली असते, ती आधी पाहा. तिथे शब्दाची निवड आपल्या हाती नाही.)

आता तपशील. आपल्या मागणीपत्रांत 'उत्तम प्रतीचा', 'उच्च दर्जाचा', 'नामांकित कंपनीचा' अशी विशेषणं असतात. वाचायला भारदस्त, मोजायला निरुपयोगी. माल आल्यावर 'हा उत्तम प्रतीचा नाही' हे सिद्ध कसं करणार? कागदाच्या बाबतीत तर मोजता येणारं विशेषण तयार आहे : ए-फोर आकार, ७५ जीएसएम, ५०० ताव असलेलं बंद रिम, आयएस १४४९० प्रमाणे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोरचा एक ताव २१० बाय २९७ मिलिमीटर, म्हणून ५०० ताव मिळून ३१ चौरस मीटरहून थोडे जास्त भरतात. त्याला ७५ ने गुणलं की रिमचं वजन सुमारे २ किलो ३४० ग्रॅम येतं. तेच रिम ७० जीएसएमचं असेल तर सुमारे २ किलो १८०. वेष्टनाचे आणि दमटपणाचे काही ग्रॅम इकडेतिकडे होतील, पण १६० ग्रॅमचा फरक शाळेशेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावरही लपत नाही. बंडलावर छापलेल्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा प्रत्येक खेपेतली चार-पाच रिमं काढून तोलावीत. आणि ती तोलली जातील, हे मागणीपत्रातच लिहावं. ज्याला हलका माल खपवायचा असतो तो मग बहुधा कोटेशनच देत नाही.

कंपनीचं नाव घालायचंच असेल तर पुढे 'किंवा समतुल्य' लिहा आणि समतुल्य कशात तेही लिहा. नुसत्या 'समतुल्य'वर वाद ठरलेला.

नगांचं म्हणाल तर 'वर्षभर लागेल तसा' हे शब्द टाळा. दुकानदाराला त्यातून दहा रिमंही दिसतात आणि पाचशेही, आणि तो सावधपणे चढा दर लावतो. मागच्या वर्षीची नोंदवही काढा. समजा २४० रिम निघाली. मग '२४० रिम, गरजेप्रमाणे १० टक्के कमी-जास्त, त्याच दराने' असं लिहा. यातल्या 'त्याच दराने' या दोन शब्दांना किंमत आहे.

पोच हा आपल्याकडचा दुहेरी शब्द. माल पोचवणंही पोच आणि मिळाल्याची सहीही पोच. दरपत्रकात 'पोच दर' म्हणजे माल तुमच्या दारात उतरवून देण्यासकट दर. पण कुणाच्या दारात? काही कोटेशनांवर 'एफओआर' आणि पुढे शहराचं नाव असतं. त्याचा अर्थ त्या शहरापर्यंतचं भाडं पुरवठादाराचं, पुढचं तुमचं. तुमच्या शाळा तीन, म्हणून तिन्हींची नावं, प्रत्येकीला किती रिम, आणि 'गाडीतून उतरवून खोलीत लावून देण्यासह' हे सगळं लिहायला हवं. शिवाय कोकणात २४० रिम जूनमध्ये एकदम घेऊन ठेवणं म्हणजे कागद पावसाला वाढून ठेवणं. कागद हवेतली ओल ओढतो, त्याच्या कडा वळतात, मग मशिनमध्ये एकाऐवजी दोन ताव जातात आणि अडकतात. म्हणून तीन खेपा मागा : जूनच्या सुरुवातीला गरजेपुरत्या ६०, ऑक्टोबरात ९०, जानेवारीत ९०. ओला किंवा कडा वळलेला माल पुरवठादाराने स्वखर्चाने बदलून द्यायचा, हेही त्यातच.

आता तुमचं शेवटचं वाक्य. आकडे घेऊन पाहू. हे दर उदाहरणापुरते आहेत, आणि कर हिशोबासाठी १८ टक्के धरला आहे. पहिला दुकानदार लिहितो : २१५ रुपये रिम, कर वेगळा, प्रत्येक खेपेला वाहतूक १५०० रुपये. दुसरा लिहितो : २६२ रुपये रिम, सर्व करांसह, तिन्ही शाळांत पोच. तिसरा : २०५ रुपये रिम, कर वेगळा, ७० जीएसएम, सगळा माल एकदम, वाहतूक फुकट.

'न्यूनतम दर' वाचून कारकून तिसऱ्यावर बोट ठेवेल आणि शब्दशः तो बरोबरच असेल. पण तिसऱ्याने मागितलेला माल देऊच केलेला नाही. ७५ ऐवजी ७०, तीनऐवजी एक खेप. त्याचा दर तक्त्यातल्या तुलनेत येताच कामा नये, तो तपशिलाच्या चाळणीतच गळतो. उरले दोघे. पहिल्याचे २१५ करासह २५३ रुपये ७० पैसे होतात. २४० रिमांचे ६०,८८८ आणि तीन खेपांचे ४,५०० मिळून ६५,३८८ रुपये. दुसऱ्याचे २६२ गुणिले २४०, म्हणजे ६२,८८०. दिसायला ४७ रुपयांनी महाग असलेला दर प्रत्यक्षात अडीच हजारांनी स्वस्त निघाला. म्हणून तुलना दराची करायची नसते, शाळेत पोचलेल्या मालाच्या एकूण किमतीची करायची असते, आणि ते पत्रात आधीच लिहायचं असतं. नंतर लिहिलंत तर पहिला दुकानदार 'माझा दर कमी होता' म्हणून भांडेल, आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नसेल.

एक अपवाद. ज्या कारखान्याला भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते, तो कर सोडून तुलना करतो, कारण कर त्याचा खर्च नसतो. शाळेला ती वजावट सहसा मिळत नाही. तुमच्यासाठी कर हा खर्चच.

दोन छोट्या गोष्टी. 'न्यूनतम'ऐवजी काही जण 'किमान दराचे दरपत्रक' लिहितात, ते टाळावं. 'किमान दर' म्हटलं की याच्या खाली जायचं नाही असा दर मनात येतो, जसं किमान वेतन. 'किमान तीन दरपत्रके' मात्र बरोबर. आणि 'दर अंकी व अक्षरी लिहावा' हे जुनं वाक्य फेकून देऊ नका. फरक आढळला तर अक्षरी दर ग्राह्य, आणि गुणाकार चुकला असेल तर प्रति रिम दर धरून बेरीज दुरुस्त करायची, हेही त्याला जोडा.

दर उघडल्यावर सगळ्यांना फोन करून 'अजून किती कमी कराल' असं विचारण्याची आपल्याकडे सवय आहे. कमी करायला सांगायचंच तर ज्याची एकूण किंमत सर्वांत कमी आली त्या एकालाच सांगावं. बाकीच्यांना विचारलंत की पुढच्या वर्षी प्रत्येक जण आधीच दहा रुपये चढवून कोटेशन पाठवतो.

तुमच्या पत्राचा शेवट मी असा करीन : "सोबतच्या तपशिलाची पूर्तता करणाऱ्या दरपत्रकांचाच विचार केला जाईल. अशा दरपत्रकांपैकी सर्व कर, वाहतूक व उतराई धरून तिन्ही शाळांत पोच २४० रिमांची एकूण किंमत ज्याची सर्वांत कमी असेल, ते स्वीकारले जाईल. दर उघडल्याच्या तारखेपासून ३० दिवस वैध असावेत. देयक प्रत्येक खेपेचा माल तपासून घेतल्यानंतर ३० दिवसांत अदा केले जाईल." त्याखाली 'कोणतेही कारण न देता सर्व दरपत्रके नाकारण्याचा अधिकार संस्थेने राखून ठेवला आहे' हे नेहमीचं वाक्य घालायला हरकत नाही, फक्त त्यातला 'कोणतेही कारण न देता' हा तुकडा गाळा. कारण तुलनात्मक तक्त्याखाली लिहावंच लागतं, नाहीतर हिशेब तपासनीस विचारतात.