एसओपीमध्ये प्राध्यापकांच्या पेपरचा उल्लेख कसा करावा?

प्रश्न: अर्थशास्त्राच्या पीएचडी प्रवेशासाठी एसओपी, म्हणजे उद्देशपत्र, लिहितोय. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांच्या इंडोनेशियातल्या शाळांवरच्या पेपरबद्दल काय लिहू, म्हणजे खुशामत वाटणार नाही?

उत्तर: आधी पेपरने नेमकं काय मोजलं ते बघा. 2001 च्या या पेपरमध्ये 1973 ते 1978 मधल्या सरकारी शाळाबांधणीचा अभ्यास आहे. दर 1,000 मुलांमागे एक प्राथमिक शाळा वाढली, की शिक्षण सरासरी 0.12 ते 0.19 वर्षं वाढलं आणि मजुरी 1.5 ते 2.7 टक्के, असा अंदाज आहे. म्हणजे मोजली आहेत शिक्षणाची वर्षं. मुलांना प्रत्यक्षात किती येऊ लागलं, हे नाही. "शाळांमुळे शिक्षणाचा दर्जा सुधारला" असं लिहिलंत तर पेपर वाचलेला नाही, हे लगेच कळतं.

दुसरी चूक म्हणजे याला प्रयोग म्हणणं. डुफ्लोंचं नाव प्रयोगांशी जोडलेलं आहे म्हणून ती सहज होते. इथे चिठ्ठ्या टाकून जिल्हे निवडलेले नव्हते. कुठे किती शाळा झाल्या आणि तेव्हा कोण किती वयाचं होतं, या दोन फरकांची सांगड घातली आहे.

"क्रांतिकारी", "प्रेरणादायी" हे शब्द काढा. मी असं लिहीन: "डुफ्लो (2001) यांनी शाळांच्या संख्येचा शिक्षणाच्या वर्षांवर आणि मजुरीवर झालेला परिणाम मोजला. तसाच फरक वापरून मला वाचन-गणिताच्या पातळीवरचा परिणाम तपासायचा आहे." "दाखवून दिलं" यापेक्षा "अंदाज केला" बरं. आणि आकडे सारांशातून नको, तक्त्यातून पडताळा. कोणत्या गटासाठी आहेत, हे तिथेच दिसतं.