घरच्या फ्रिजमध्ये केळी काळी पडतात, बटाटे गोडसर लागतात. मग कोल्ड स्टोरेजवाले कुठलं फळ, कुठली भाजी किती तापमानाला ठेवतात?

मी जळगाव जिल्ह्यात केळी पिकवायच्या चेंबरवर काम करतो, त्यामुळे केळ्यापासूनच सांगतो. माल मूळचा थंड प्रदेशातला की उष्ण, यावर तापमान ठरतं. सफरचंद, द्राक्षं, कोबी, गाजर यांना 0 अंशाच्या जवळपास ठेवतात. वांगी, काकडी 10 ते 12, आंबा 12-13 आणि केळी 13-14 अंशांना. घरचा फ्रिज 4-5 अंशांवर चालतो, म्हणजे केळ्याला तो फारच गार.

थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजतं ना, साधारण तसंच केळ्याच्या पेशींच्या पडद्यांचं होतं. त्यातली स्निग्ध द्रव्यं आखडतात, पडदे गळायला लागतात आणि आत वेगवेगळी ठेवलेली रसायनं एकमेकांत मिसळतात. चिरलेलं वांगं काळं पडतं तीच ही क्रिया, फक्त सालीच्या आत.

एकदा आमच्याकडे आलेल्या गाडीचं तापमान रात्रभर 8 अंशांवर राहिलं होतं. खोकी उघडली तेव्हा केळी हिरवीगार, काहीच कळेना. नखाने साल खरवडली तर खाली तपकिरी रेघा. ही खूण दिसली की समजायचं, माल गेला. तरी इथिलीन हा फळं पिकवणारा वायू देऊन पिकवून पाहिला. पिवळा आला, पण राख फासल्यासारखा मळकट. हे नुकसान नंतर ऊब देऊन भरून येत नाही. कडाक्याच्या थंडीत रावेर-यावलकडे बागेतल्या घडांवरही असं होतं, तिथे कुठला आलाय फ्रिज! पूर्ण पिकलेलं केळं मात्र दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये खुशाल ठेवा. साल काळी पडेल, गर चांगला राहील. कच्चं ठेवलंत तर ते धड पिकणारच नाही.

बटाट्याचं दुखणं वेगळं. तो थंडीत मरत नाही, आपल्यातल्या स्टार्चची साखर करतो. चव गोडसर होते. तळताना ही साखर बटाट्यातल्या अमिनो आम्लाशी जुळते, म्हणून काप आतून शिजायच्या आधीच वरून तपकिरी, कडवट होतात आणि ॲक्रिलामाइड हे अपायकारक मानलं जाणारं रसायनही जास्त तयार होतं. बियाण्याचा बटाटा 2 ते 4 अंशांना ठेवतात, कारण तिथे त्याला कोंब येत नाहीत आणि गोडी कोणी चाखत नाही. वेफर्सचा बटाटा मात्र 8 ते 12 अंशांना ठेवावा लागतो, आणि तिथे कोंब येऊ नयेत म्हणून औषध द्यावं लागतं. बाजारातून आणलेला बटाटा गोड निघाला तर तो बहुधा जास्त गार कोठारातून आलेला असतो.

पण बटाटा केळ्यासारखा वाया जात नाही. दोन-तीन आठवडे घरात अंधाऱ्या जागी, टोपलीत मोकळा ठेवा, बरीचशी साखर उतरते. एखादा काप तळून बघा. सोनेरी निघाला की उपवासाचे वेफर्स करायला हरकत नाही.