जुळी बाळं आणि दर दोन आठवड्यांची सोनोग्राफी

प्रश्न: माझ्या १२ आठवड्यांच्या रिपोर्टमध्ये एमसीडीए लिहिलंय. जावेलाही जुळी आहेत, पण तिला महिन्यातून एकदाच सोनोग्राफी आणि मला दर १५ दिवसांनी. असं का?

उत्तर: एमसीडीए म्हणजे तुमच्या बाळांच्या पिशव्या वेगळ्या आहेत, पण वार एकच आहे. जावेच्या बाळांना बहुधा दोन वारा असाव्यात. ११ ते १४ आठवड्यांत हे दोन पिशव्यांमधल्या पडद्यावरून स्पष्ट कळतं. मधला पडदा वारेला जिथे मिळतो तिथे जाड त्रिकोण दिसला तर वारा दोन, पातळ पडदा सरळ काटकोनात टेकला तर एक. पुढे हा त्रिकोण पुसट होऊ शकतो, म्हणून हा पहिला रिपोर्ट नीट जपा.

एका वारेत दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात. काही वेळा रक्त एकाच बाजूला जास्त वाहू लागतं. समजा, १८व्या आठवड्यात एका पिशवीतल्या पाण्याची सर्वांत खोल जागा १.५ सेंमी आणि दुसरीत ८.५ सेंमी भरली. २ च्या खाली आणि ८ च्या वर, म्हणजे रक्ताची ही देवाणघेवाण बिघडली आहे. पहिल्या बाळाचं मूत्राशयही दिसेना झालं, तर आजार पुढे सरकलाय. तेव्हा दुर्बिणीतून लेझरने त्या जोडवाहिन्या बंद करता येतात, पण वेळेत कळलं तरच. हे काही दिवसांतही बिघडू शकतं, म्हणून १६व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी तपासणी. मधेच पोट एकदम ताणलं किंवा धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना कळवा.