वाजला, बंद केला, विसरलो

"पुढच्या आठवड्यात ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे. मी मोबाइलवर ढीगभर रिमाइंडर लावतो, पण वाजला की हात आपोआप तो बंद करतो आणि पाच मिनिटांत सगळं विसरतो. कित्येकदा तर लावला होता हेच आठवत नाही. माझी स्मरणशक्ती कमी झालीय का? ऐन दिवशी काहीतरी राहणारच, या धास्तीनं झोप लागत नाही."

रिमाइंडर लावल्याचं विसरणं हा बिघाड नाही. गोष्ट लिहून ठेवली की मन तिचा पाठपुरावा सोडून देतं. लिहून ठेवायचं ते त्यासाठीच. खरा प्रश्न हा की तो वाजतो तेव्हा तुम्ही कुठे असता आणि त्यात लिहिलेलं काय असतं.

समुपदेशनासाठी आलेल्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा दिवस पाहा. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. त्याचा इंटरव्ह्यू सकाळी ११ वाजता होता आणि त्याने दोन रिमाइंडर लावले होते. पहिला आदल्या रात्री मोबाइलवर, सकाळी ८ चा. त्यात एकच शब्द, 'इंटरव्ह्यू'. वाजला तेव्हा तो दात घासत होता. इंटरव्ह्यू आहे हे त्याला ठाऊकच होतं, त्यामुळे ओल्या बोटाने त्याने तो सरकवून टाकला. त्या शब्दात करण्यासारखं काही नव्हतंच.

दुसरा त्याने बारा दिवस आधी लावला होता, आणि तो पार विसरला होता. त्या दिवशी मित्राबरोबर सराव करताना ४५ टक्के चार्जिंगवर सुरू केलेला लॅपटॉप पन्नासेक मिनिटांत बंद पडला. बॅटरी जुनी, त्यात व्हिडिओ कॉल. चिडलेला असतानाच त्याने कॅलेंडरमध्ये इंटरव्ह्यूच्या दिवशी १०.२० ला नोंद केली: 'आत्ता चार्जर लाव. सरावात लॅपटॉप मेला होता. चार्जर काळ्या बॅगेच्या आतल्या खणात.'

इंटरव्ह्यूच्या सकाळी त्याने मोबाइल 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाकला. इथे पुष्कळजण फसतात. या मोडमध्ये घड्याळाचा अलार्म सहसा वाजतो, पण कॅलेंडरची सूचना मूकपणे येऊन पडते. त्याचं नशीब म्हणा, तेच कॅलेंडर लॅपटॉपवरही उघडं होतं. १०.२० ला स्क्रीनच्या कोपऱ्यात चौकट आली. बॅटरी ४१ टक्के.

चार्जर सापडला, पण टेबलाजवळचं सॉकेट बंद निघालं. एक्स्टेंशन बोर्ड शोधून, टेबल भिंतीकडे सरकवून, कॅमेऱ्यामागचा उजेड बघेपर्यंत १०.४५ झाले. ही पंचवीस मिनिटं नीट बघा, कारण हाच रिमाइंडर १०.५५ ला वाजला असता तर नुसती घबराट झाली असती. पुढे पॅनेलच उशिरा आलं. ११ ला जोडलेला कॉल प्रत्यक्षात सुरू झाला ११.२५ ला आणि संपला १२.१० ला, म्हणजे सरावापेक्षा वीस मिनिटं जास्त, तीही कमी चार्जिंगवर. चार्जर नसता तर तांत्रिक प्रश्न सुरू असतानाच स्क्रीन काळी पडली असती. दुसऱ्या फेरीला तो उत्तरांच्या जोरावर गेला. चार्जरमुळे ती उत्तरं पुरी करता आली, एवढंच.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये 'जर-तर' स्वरूपाच्या बेतांविषयी लिहिलं: नुसता संकल्प करण्यापेक्षा 'अमुक वेळी, अमुक जागी, अमुक करेन' असं ठरवलं तर काम पार पडण्याची शक्यता वाढते. त्या नोंदीत हे सगळं आलं होतं, आणि शिवाय कारणही. बारा दिवसांनंतर ते कारणच कामी आलं, नाहीतर '४१ टक्के पुरेल की' म्हणून त्याने तीही चौकट मिटवली असती.

तेव्हा इंटरव्ह्यूच्या दिवसाचे ढीगभर रिमाइंडर आजच काढून टाका आणि तीनच ठेवा. तुम्ही ज्या उपकरणासमोर बसलेले असाल त्यावरच ते येऊ द्या. प्रत्येकाची सुरुवात क्रियापदाने करा, वस्तू कुठे आहे ते लिहा, आणि काम बिघडलं तर निस्तरायला अर्धा तास उरेल अशी वेळ धरा. वाजल्यावर काम होईपर्यंत तो बंद करायचा नाही; लगेच जमणार नसेल तर दहा मिनिटं पुढे ढकला. आज संध्याकाळी दोन मिनिटांनंतरचा एक रिमाइंडर लावून 'डू नॉट डिस्टर्ब' सुरू करा, आवाज येतो का ते कळेल. रोजच्या साध्या गोष्टीही सतत विसरत असाल, किंवा इंटरव्ह्यू होऊन गेल्यावरही झोप परतली नाही, तर मात्र प्रत्यक्ष भेटा.

त्या विद्यार्थ्याने दुसऱ्या फेरीसाठी लावलेल्या रिमाइंडरची पहिली ओळ होती: 'भिंतीकडचं सॉकेट वापर, टेबलाजवळचं बंद आहे.'