दोन जग कोकम सरबत आणि तिरकस गुणाकार

प्रश्न: नववीला गणित शिकवते. मुलं गुणोत्तर-प्रमाणाची पुस्तकातली गणितं बरोबर सोडवतात, पण 'चार माणसांची रेसिपी सहा जणांसाठी करा' म्हटलं की गोंधळतात. स्वयंपाकाची उदाहरणं घ्यावीत का? कुठून सुरुवात करू?

घ्या, पण दुप्पट-तिप्पटची घेऊ नका. चारचे आठ करायला सांगितलं की सगळे बरोबर येतात आणि कुणाला काय कळलं नाही ते झाकून राहतं. चारचे सहा करा म्हटलं की खरं बाहेर येतं. चार जणांना तीन वाट्या तांदूळ, तर सहा जणांना किती? मुलं म्हणतात पाच वाट्या, कारण माणसं दोन वाढली म्हणून वाट्याही दोन वाढल्या! उत्तर साडेचार. मुलं गुणायच्या जागी मिळवतात, सगळा घोळ एवढाच आहे. आणि हा घोळ तिरकस गुणाकारानं जात नाही, नुसता दिसेनासा होतो.

यावरून माझं एका ज्येष्ठ सहकाऱ्याशी चांगलंच वाजलं होतं. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातली आमची मराठी शाळा, इथं दहावीची परीक्षा म्हणजे एसेसेल्सी. त्यांचं म्हणणं, "तिरकस गुणा, क्ष काढा, विषय संपला. एसेसेल्सीला सरबत विचारत नाहीत." मी वर्गात दोन जग घेऊन गेलो. घरचं कोकमाचं साखरपाकातलं सिरप आणि चहाचा एक लहान पेला. पहिल्या जगात 1 पेला सिरप, 4 पेले पाणी. दुसऱ्यात 4 पेले सिरप, 7 पेले पाणी. ओतण्याआधी आकडे फळ्यावर लिहून विचारलं, कुठलं गोड?

"दोन्ही सेमच की सर. दोन्हीकडं पाणी तीननं जास्त." अर्धा वर्ग हेच म्हणाला. त्यात एक मुलगा असा होता की ज्यानं आदल्याच दिवशी 1/4 = 4/क्ष वरून क्ष = 16 चुटकीसरशी काढलं होतं.

मग ओतलं. एकसारख्या दोन काचेच्या ग्लासांत, सारख्याच उंचीपर्यंत (एक ग्लास कमी भरला किंवा जाड असला तर रंग फसवतो, हे सांभाळा). एक फिकट गुलाबी, दुसरं जवळजवळ जांभळं. चव घ्यायचीही गरज पडली नाही. पुढचा प्रश्न खरा महत्त्वाचा: दुसरं सरबत पहिल्यासारखं करायला अजून किती पाणी? कुणी तीन म्हणालं, कुणी चार. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "एका सिरपला चार पाणी, मग चार सिरपला सोळा. सात घातलंय, अजून नऊ घाला." नऊ पेले ओतले, रंग जुळला. तो 16 आदल्या दिवशी वहीत आलाच होता, पण तो कशाचा 16 हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

आकडे निवडताना वजाबाकी सारखी आणि गुणोत्तर बरंच लांबचं ठेवा. 2:3 आणि 3:4 घेतलंत तर रंगात फरक ओळखू येत नाही आणि मिळवणारीच पोरं जिंकतात.

दुसरी अडचण एकूणाची. 1:4 चं तीस पेले सरबत करायचं तर सिरप किती? बरीच मुलं तिसाला चारनं भागून साडेसात म्हणतात. सांगा, आता त्यात चौपट, म्हणजे तीस पेले पाणी घाल, झाले किती? साडेसदतीस. मग आपणच पाचनं भागतात: सिरप 6, पाणी 24.

आता एक सांगायचं राहिलं. स्वयंपाकात सगळंच प्रमाणात वाढत नाही, हे आधीच मुलांना सांगा. अक्षर दासोहाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, आमच्या आक्कांना एकदा भाताच्या पाण्याचा हिशेब विचारला तर त्या हसल्या. "सर, मोठ्या भांड्याला तेवढं पाणी लागत नसतंय." बरोबर आहे, मोठ्या पातेल्यात तांदळाच्या मानानं वाफ कमी उडते. शिजायची वेळही तांदूळ दुप्पट केला म्हणून दुप्पट होत नाही. म्हणून आधी सरबत, पीठ, मसाला, म्हणजे नुसतं मिसळायचं ते घ्या. विस्तवावरचं नंतर. आणि वाटीचं माप धरलं तर शेवटपर्यंत वाटीच, मध्येच किलो आणू नका. वाटीभर रवा आणि वाटीभर साखर यांचं वजन एक नसतं.

तिरकस गुणाकार शिकवूच नका असं नाही, परीक्षेत तो लागतोच. पण आधी जग, मग क्ष. ते सर आता निवृत्त आहेत, शिकवणी घेतात. त्यांच्याकडची मुलं दहावीला माझ्या वर्गात येतात आणि समरूप त्रिकोणात 3, 4 च्या बाजू 6, 7 करून देतात. दोन्हीकडं तीनच वाढवलेत की, सर.